आजारपणात परीक्षा चुकली, तर सरांना काय लिहायचं?

मागच्या भागानंतर म्हसवडच्या आणि आसपासच्या गावांतल्या मुलामुलींचे जे निरोप आले, त्यांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारला होता. "महिनाभर आजारी होते, परीक्षा बुडली, आता सरांना ईमेल करायचाय. काय लिहू? आणि दवाखान्याचे कागद कसे जोडू?" आजचा भाग पूर्ण याच प्रश्नावर आहे. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलण्यातली पाल्हाळ थोडी काढली आहे, बाकी जसंच्या तसं.

मी महाविद्यालयात शिकवतो आणि परीक्षा समितीचं कामही करतो, त्यामुळे असे ईमेल माझ्याकडे दर सत्रात येतात. बहुतेक ईमेल साधारण असे असतात: "आदरणीय सर, मी आजारी असल्यामुळे परीक्षेला बसू शकले नाही. सोबत कागदपत्रे जोडली आहेत. कृपया सहकार्य करावे ही नम्र विनंती." खाली अकरा फोटो. त्यातले चार आडवे, दोन अंधुक आणि एक औषधाच्या पाकिटाचा.

यात खोटं काही नसतं. मुलगी खरंच आजारी असते, कागदही खरेच असतात. पण हा ईमेल वाचून मला काहीच करता येत नाही. कुठली परीक्षा? किती तारखेची? आजार कधीपासून कधीपर्यंत? आणि या अकरा फोटोंपैकी कुठला कागद कुठल्या दिवसाचा? हे शोधायला मी बसलो तरी पुढचा प्रश्न राहतोच. मला हा ईमेल विभागप्रमुखांकडे आणि प्राचार्यांकडे पाठवायचा असतो, आणि त्या मुलीला ओळखत नसलेल्या माणसाला तो वाचून निर्णय घ्यायचा असतो.

म्हणून पहिली गोष्ट. असा ईमेल लिहिताना मनात सर ठेवू नका, सरांच्या पुढचा माणूस ठेवा. सरांचा तुमच्यावर विश्वास असेलही. पण तुमचा ईमेल दप्तरात नोंद म्हणून राहणार आहे, आणि वर्षभराने कुणी तपासायला आलं की "हिची परीक्षा वेगळी का घेतली?" याचं उत्तर त्याच कागदात सापडलं पाहिजे.

परीक्षा कोणाची, हे आधी ठरवा

ईमेलला बसण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. चुकलेली परीक्षा महाविद्यालयाची होती की विद्यापीठाची?

सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात, त्यामुळे आपल्या भागातली बहुतेक महाविद्यालयं त्यालाच जोडलेली आहेत. सत्राअखेरची लेखी परीक्षा विद्यापीठाच्या वेळापत्रकाने होते. ती चुकली तर तुमचे सर, विभागप्रमुख किंवा प्राचार्य कुणीही तुमच्या एकटीसाठी ती पुन्हा घेऊ शकत नाही. कितीही खरं प्रमाणपत्र असलं तरी गुणपत्रिकेत त्या विषयापुढे अनुपस्थित अशी नोंद होते आणि तो विषय पुढच्या संधीला फॉर्म भरून द्यावा लागतो. त्यासाठी सरांना चार पानी ईमेल लिहिण्यात शक्ती घालवू नका. तिथे विचारायचं एवढंच, की पुढचा परीक्षा अर्ज कधी सुटतो आणि शेवटची तारीख कोणती.

अंतर्गत मूल्यमापनाचं मात्र वेगळं आहे. चाचणी, प्रात्यक्षिक, सेमिनार, प्रकल्प, तोंडी परीक्षा हे महाविद्यालयात होतं आणि त्याचे गुण महाविद्यालय विद्यापीठाला कळवतं. इथे योग्य कारण असेल तर विभाग पुन्हा परीक्षा घेऊ शकतो. ईमेलचा उपयोग इथे आहे. स्वायत्त महाविद्यालयात शिकत असाल तर सत्राअखेरची परीक्षाही महाविद्यालयच घेतं, त्यामुळे तिथल्या परीक्षा विभागाचे नियम आधी वाचा.

आता अंतर्गत परीक्षेतली खरी मेख सांगतो. मुलांना वाटतं की सर दयाळू असले की काम होतं. सर दयाळू असतातही. पण त्यांच्या दयेला एक शेवटची तारीख असते, आणि ती म्हणजे अंतर्गत गुण विद्यापीठाच्या संगणक प्रणालीत भरायची मुदत. ती संपली की तुमच्या नावापुढे जे असेल ते कायम होतं. त्यानंतर बदल करायचा तर प्राचार्यांचं पत्र, परीक्षा विभागाची मंजुरी, हेलपाटे, आणि तरीही होईलच असं नाही. म्हणून "पूर्ण बरी झाल्यावर निवांत लिहीन" हे करू नका. गुण भरायची तारीख वर्गमैत्रिणीला फोन करून विचारून घ्या आणि तिच्या आत तुमचा ईमेल पोचवा.

एक प्रकरण घेऊ

हे सगळं एका उदाहरणावर बघू. उदाहरण रचलेलं आहे, पण आपल्या माण तालुक्यातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल असं.

बी.एस्सी. भाग 2 ला शिकणारी एक मुलगी. 18 सप्टेंबरला तिला ताप आला, मळमळ सुरू झाली. मेडिकलमधून गोळ्या आणल्या. 21 तारखेला डोळे पिवळे दिसले. घरातल्यांनी ओळखलं, कावीळ. आता कावीळ म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दवाखान्याच्या आधी झाडपाल्याचं औषध देणारा माणूस आठवतो. 22 ते 26 सप्टेंबर तिला ते औषध दिलं. त्यातच 25 तारखेला महाविद्यालयात अंतर्गत चाचणी झाली आणि ती चुकली.

उलट्या थांबेनात म्हणून 27 ला म्हसवडच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लगेच रक्त तपासायला पाठवलं. बिलिरुबिन 9.2 आलं. हे साधारण 1 च्या आसपास असायला हवं. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन साताऱ्याला पाठवलं. 28 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर ती साताऱ्यात रुग्णालयात होती. घरी सोडताना 25 ऑक्टोबरपर्यंत विश्रांती सांगितली. इकडे 10 ऑक्टोबरला प्रात्यक्षिक परीक्षा ठरलेली. अंतर्गत गुण भरायची शेवटची तारीख 5 नोव्हेंबर.

आता या तारखा एका कागदावर दोन ओळींत लिहा. वरच्या ओळीत परीक्षा: 25 सप्टेंबर, 10 ऑक्टोबर. खालच्या ओळीत कागद: 27 सप्टेंबरचा रक्त अहवाल, 28 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर दाखल असल्याचं डिस्चार्ज कार्ड, 25 ऑक्टोबरपर्यंत विश्रांतीचं प्रमाणपत्र. प्रत्येक परीक्षेच्या खाली कागद आहे का बघा. 10 ऑक्टोबरच्या खाली आहे, विश्रांतीचं प्रमाणपत्र. पण 25 सप्टेंबरच्या खाली काहीच नाही. पहिला कागद 27 चा आहे.

बऱ्याच प्रकरणांत अडतं ते इथेच. आजार खरा, परीक्षा खरंच आजारात चुकली, पण नेमक्या त्या दिवसाचा कागद नाही, कारण त्या दिवशी ती झाडपाल्यावर होती. मग घरचे काय करतात? ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊन "18 तारखेपासूनचं लिहून द्या" म्हणतात.

मागच्या तारखेचा कागद का नको

डॉक्टरांच्या व्यवसायाची 2002 सालची नियमावली आहे, तिच्यात याबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे. डॉक्टरांनी दिलेल्या प्रत्येक वैद्यकीय प्रमाणपत्राची नोंद त्यांनी वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवायची, प्रमाणपत्राची प्रत ठेवायची, आणि रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि अंगावरची एक ओळखीची खूणही नोंदवायची. खोटं प्रमाणपत्र देणं हे त्याच नियमावलीत गैरवर्तन धरलेलं आहे आणि त्यासाठी कारवाई होऊ शकते.

म्हणजे डॉक्टरांनी ज्या दिवशी तुम्हाला पाहिलंच नाही, त्या दिवसाबद्दल "मी तपासलं" असं ते लिहू शकत नाहीत. आणि असा कागद पकडणं अवघड नसतं. प्रमाणपत्र म्हणतं 18 सप्टेंबरपासून उपचार चालू, आणि सोबतच्या डिस्चार्ज कार्डावर त्या डॉक्टरांचा उल्लेखच नाही. रक्ताचा अहवाल म्हणतो, तपासणी पहिल्यांदा 27 ला. महाविद्यालयाने रजिस्टर तपासायला एक फोन केला की संपलं. मग जे खरे कागद होते त्यांच्यावरचाही विश्वास जातो. मुलीची 10 ऑक्टोबरची मागणी अगदी रास्त होती, ती पण त्यात बुडते.

मग 25 सप्टेंबरचं काय करायचं? इथे डिस्चार्ज कार्ड उपयोगी पडतं, आणि ते नीट वाचायला मुलं विसरतात. रुग्णालयात दाखल करताना डॉक्टर विचारतात, काय होतंय आणि किती दिवसांपासून? ते उत्तर कार्डावर सुरुवातीलाच तक्रारींच्या रकान्यात लिहिलेलं असतं. आपल्या उदाहरणात तिथे लिहिलं असेल: ताप 10 दिवस, डोळे पिवळे 7 दिवस. 28 सप्टेंबरपासून 10 दिवस मागे मोजा, 18 तारीख येते. 7 दिवस मागे मोजा, 21 येते. म्हणजे 25 सप्टेंबरला ती आजारी होती याची नोंद रुग्णालयाच्या कागदावर आधीच आहे, आणि ती परीक्षेचा विषयही निघण्याआधीची आहे. तिला जोडीला 27 चा अहवाल. बिलिरुबिन 9.2 वर एका रात्रीत चढत नाही, हे वाचणाऱ्यालाही कळतं.

म्हणून एक सांगून ठेवतो. दवाखान्यात गेल्यावर आजार कधी सुरू झाला ते नीट, तारखेनिशी सांगा. झाडपाल्याचं औषध घेतलं असेल तर तेही सांगा, लपवू नका. ते मुख्यतः तुमच्या यकृतासाठी गरजेचं आहे, कारण काही औषधं यकृतावर आणखी ताण आणतात आणि डॉक्टरांना ते माहीत हवं. पण त्याचा दुसरा उपयोग हा असा, की खरी सुरुवातीची तारीख कागदावर येते.

डिस्चार्ज कार्ड हरवलं असेल तरी घाबरू नका. त्याच नियमावलीनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात, आणि रुग्णाने मागितल्या तर 72 तासांत द्यायच्या असतात. लेखी अर्ज करा, त्यावर पोच घ्या.

कागदावर काय बघायचं

प्रमाणपत्र हातात आल्यावर दवाखान्यातून निघण्याआधी ते वाचा. म्हसवडहून साताऱ्याला एसटीने दोन-अडीच तास जातात. एका चुकीच्या अक्षरासाठी पुन्हा जायला नको.

आधी नाव बघा. महाविद्यालयात तुमचं नाव आडनाव, स्वतःचं, वडिलांचं असं पूर्ण आहे. दवाखान्यात घाईत घरच्यांनी घरातलं लाडाचं नाव सांगितलेलं असतं. मग कागदावर एक मुलगी आणि हजेरीपटावर दुसरीच. मग कालावधी बघा: कधीपासून कधीपर्यंत, दोन्ही तारखा हव्यात. "काही दिवस विश्रांती" असं लिहिलेलं उपयोगाचं नाही. मग कागद दिल्याची तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. नोंदणी क्रमांक प्रमाणपत्रावर असणं बंधनकारक आहे. एमबीबीएस डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत. आपल्या भागात बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर पुष्कळ, आणि त्यांची प्रमाणपत्रं बहुधा चालतात. पण काही महाविद्यालयं मोठ्या आजारासाठी रुग्णालयाचा किंवा सरकारी डॉक्टरांचा कागद मागतात, म्हणून आधी विचारलेलं बरं.

झाडपाला देणाऱ्याची चिठ्ठी मात्र जोडू नका. तिला पुरावा म्हणून किंमत नाही.

आणि सगळी फाइल जोडायचीही गरज नाही. तुमचा आजार ही तुमची खाजगी गोष्ट आहे. औषधांची बिलं, रोजचे रक्त अहवाल, सोनोग्राफी, आधार कार्ड यांतलं काही सरांना नको असतं. तीन कागद पुरतात: प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, आणि सुरुवातीची तारीख दाखवणारा एक अहवाल. एखाद्या आजाराचं नाव उघड करायचं नसेल, तर डॉक्टरांना कालावधी आणि "परीक्षेस बसण्यास असमर्थ" एवढंच लिहायची विनंती करता येते. मूळ कागद प्राचार्यांना किंवा विभागप्रमुखांना समक्ष दाखवते असं कळवा.

कागदांचे फोटो नकोत, पीडीएफ करा. फोनमधल्या स्कॅनच्या सोयीने सरळ, कडा दिसतील असा स्कॅन होतो. एका कागदाची एक फाइल, आणि फाइलचं नाव उघडायच्या आधीच काय आहे ते सांगणारं:

```
1_Certificate_4Oct.pdf
2_DischargeCard_4Oct.pdf
3_BloodReport_27Sep.pdf
```

आता ईमेल

आपल्या उदाहरणातली मुलगी घरी आली 4 ऑक्टोबरला. तिने 25 ऑक्टोबरची वाट बघायची का? नाही. 10 ऑक्टोबरचं प्रात्यक्षिक अजून व्हायचंय, ते चुकणार हे आजच माहीत आहे. आधी कळवलेल्या गैरहजेरीचं वजन नंतर सांगितलेल्यापेक्षा जास्त असतं. 6 ऑक्टोबरला तिने किंवा तिच्या वतीने भावाने, पण तिच्याच ईमेलवरून, हे पाठवायचं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करू नका, समोरच्याला नुसती चिन्हं दिसतात. फोनच्या मराठी कीबोर्डवर लिहिलेलं सगळीकडे नीट उघडतं.

> विषय: बी.एस्सी. भाग 2, रोल नं. …: आजारपणामुळे चाचणी (25 सप्टेंबर) व प्रात्यक्षिक (10 ऑक्टोबर), पुन्हा घेण्याबाबत विनंती
>
> आदरणीय सर,
>
> मी बी.एस्सी. भाग 2, सेमिस्टर 3 ची विद्यार्थिनी आहे. रोल नंबर …, पीआरएन ….
>
> मला 18 सप्टेंबरपासून ताप व 21 सप्टेंबरपासून कावीळ आहे. 28 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर मी सातारा येथे रुग्णालयात दाखल होते. डॉक्टरांनी 25 ऑक्टोबरपर्यंत विश्रांती सांगितली आहे.
>
> यामुळे 25 सप्टेंबरची अंतर्गत चाचणी मला देता आली नाही आणि 10 ऑक्टोबरच्या प्रात्यक्षिक परीक्षेस मी उपस्थित राहू शकणार नाही.
>
> 25 सप्टेंबरला मी घरी होते व गावठी औषध घेत होते. त्या दिवसाचा डॉक्टरांचा कागद माझ्याकडे नाही. डिस्चार्ज कार्डावर (जोडपत्र 2) आजाराचा कालावधी ताप 10 दिवस, कावीळ 7 दिवस असा नोंदलेला आहे आणि 27 सप्टेंबरचा रक्त अहवाल (जोडपत्र 3) सोबत आहे.
>
> माझी विनंती:
> 1. वरील दोन्ही परीक्षा 26 ऑक्टोबरनंतर, अंतर्गत गुण भरण्याच्या मुदतीआधी (5 नोव्हेंबर) घ्याव्यात.
> 2. 18 सप्टेंबर ते 25 ऑक्टोबर या काळातील गैरहजेरी वैद्यकीय कारणाने नोंदवावी.
>
> फिटनेस प्रमाणपत्र मिळताच याच ईमेलला जोडून पाठवते. मूळ कागद समक्ष दाखवीन.
>
> जोडपत्रे: 1) वैद्यकीय प्रमाणपत्र, 4 ऑक्टोबर 2) डिस्चार्ज कार्ड 3) रक्त अहवाल, 27 सप्टेंबर
>
> आपली विद्यार्थिनी,
> (पूर्ण नाव, महाविद्यालयातील नोंदीप्रमाणे)
> मोबाइल: …

बघा, यात कळकळ दाखवणारा एकही शब्द नाही, आणि तरी मुलगी किती अडचणीत होती ते दिसतं. सर्वांत जास्त वजन कुठल्या परिच्छेदाला आहे सांगू? गावठी औषधाच्या. तो लिहायला लाज वाटते. पण तपासणारा माणूस 25 तारखेच्या कागदाची उणीव तशीही हेरणारच असतो. ती तुम्ही आधीच सांगितली, आणि तिच्याऐवजी काय आहे तेही सांगितलं, की त्याच्याकडे शंका उरत नाही, निर्णय तेवढा उरतो.

दुसऱ्या विनंतीचंही महत्त्व आहे. बहुतेक ठिकाणी सत्राच्या परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी लागते. चाचणीच्या नादात मुलं हजेरीचं विसरतात, आणि फॉर्म भरताना तो नवाच प्रश्न उभा राहतो. आजारपणाचे दिवस हजेरीत आपोआप धरले जात नाहीत. सवलत मिळायची तर ती मागावी लागते, आणि ती किती द्यायची हे संस्था ठरवते.

ईमेल विषय शिकवणाऱ्या सरांना पाठवा आणि प्रतीत विभागप्रमुखांना ठेवा. दोन विषय असतील तर दोन्ही शिक्षकांना एकाच ईमेलमध्ये घ्या. व्हॉट्सॲपवर "सर, ईमेल केलाय" एवढा निरोप चालेल, पण कागद तिथे पाठवू नका. व्हॉट्सॲपचा निरोप दप्तरात जात नाही.

उत्तर आलं नाही तर

सरांच्या पेटीत रोज ढीगभर ईमेल असतात. चार-पाच कामाचे दिवस थांबा. मग त्याच ईमेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिहा, नवा ईमेल सुरू करू नका, म्हणजे सगळा इतिहास एका जागी राहतो. 26 ऑक्टोबरला फिटनेस प्रमाणपत्र पाठवायचं तेही तिथेच.

तरी काही हललं नाही, तर तोच मजकूर छापून, कागदांच्या झेरॉक्स लावून, महाविद्यालयाच्या कार्यालयात प्राचार्यांच्या नावे द्या. तुम्हाला जाणं शक्य नसेल तर घरच्या कुणाला पाठवा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून घ्या. हा शिक्का लहान दिसतो, पण "मुदतीच्या आत अर्ज केला होता" हे सांगणारा तोच एक कागद असतो.

अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागा. ते पटलं नाही तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तक्रार आल्यापासून शक्यतो 15 कामाच्या दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो, आणि त्यावर लोकपालांकडे दाद मागता येते. मात्र हेही समजून घ्या, की विभागाने एक चाचणी पुन्हा घेतली आणि दुसरी नाही घेतली असंही होऊ शकतं. आपल्या उदाहरणात 10 ऑक्टोबरचं प्रात्यक्षिक मिळायला काहीच अडचण नसावी. 25 सप्टेंबरचं विभागप्रमुखांच्या निर्णयावर आहे. पण खरं लिहिल्यामुळे किमान पहिलं तरी हातचं जात नाही.

एक शेवटचं, ज्यांच्या घरात आत्ता कुणी आजारी आहे त्यांच्यासाठी. पूर्ण ईमेल लिहायची ताकद नसेल तर दाखल झाल्या दिवशीच भावाने किंवा बहिणीने तीन ओळी पाठवाव्यात: नाव आणि रोल नंबर, कुठे दाखल आहे, आणि कागद नंतर पाठवतो. त्या तीन ओळींवरची तारीख पुढे सगळ्या कागदांच्या आधीची असते.

पुढच्या भागात परीक्षेच्या अर्जात नाव किंवा विषय चुकला तर दुरुस्ती कशी करायची ते बोलू. तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू.